जिझिया : एका कराचा हिशेब
(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाची निवड माझी नाही, ती दोन पालकांनी केली आहे. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोघेजण माझ्या कार्यालयात येऊन गेले. पहिल्यांचे म्हणणे असे की, मध्ययुगीन मुसलमान राज्यकर्त्यांनी हिंदूंवर केलेला अन्याय आम्ही मुलांना सौम्य करून सांगतो. दुसऱ्यांची तक्रार अशी की, आम्ही तो वाढवून सांगतो आणि मुले वर्गातून राग घेऊन घरी येतात. वर्ग एकच, शिक्षिका एकच, धडाही एकच होता. दोघांनाही मी त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करते. त्यासाठी साऱ्या मध्ययुगाचा आढावा न घेता मी एकच कर घेते, तो म्हणजे जिझिया. आणि प्रसंग आपल्या या दिल्लीतलेच घेते.

इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे जिझिया हा मुसलमान राज्यातील मुसलमानेतर प्रजेने द्यावयाचा माणशी कर. त्याच्या मोबदल्यात राज्याने जीवित, मालमत्ता आणि उपासना यांना संरक्षण द्यावे, अशी कल्पना होती. स्त्रिया, मुले, अंध, अपंग, वेडे आणि अगदी निष्कांचन यांच्याकडून तो घेऊ नये, असा नियम होता. कागदावर एवढे सरळ असलेले हे प्रकरण हिंदुस्थानात तितके सरळ राहिले नाही. इथे प्रजेतील बहुसंख्य लोकच मुसलमानेतर होते आणि त्यांच्याच मदतीने राज्य चालवायचे होते. म्हणून हा कर कोणी लावला, कोणी उठवला, कोणाला माफ केला आणि कोणाकडून वसूल केला, या चार गोष्टी पाहिल्या की त्या त्या राजवटीचे धोरण पुष्कळसे स्पष्ट होते.

पहिला प्रसंग फिरोजशाह तुघलकाच्या काळातला. इथे शिकलेल्या प्रत्येकाने त्याचा कोटला सहलीत पाहिला आहे. त्याने १३५१ ते १३८८ पर्यंत राज्य केले. त्याचा चरित्रकार शम्स सिराज अफीफ सांगतो की, तोपर्यंत ब्राह्मणांकडून जिझिया घेतला जात नसे. फिरोजशाहाने उलेमांचे मत घेऊन ही सूट रद्द केली. तेव्हा दिल्लीतले ब्राह्मण त्याच्या महालाशी जमले आणि अन्नपाणी सोडून बसले. आम्ही प्राण देऊ, पण कर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. सुलतान बधला नाही. काही दिवसांनी शहरातले इतर हिंदू पुढे आले. ब्राह्मणांनी प्राण देणे योग्य नाही, त्यांचा कर आम्ही भरू, असे म्हणून त्यांनी उपोषण सोडवले. दर तीन होते : श्रीमंताला चाळीस टंके, मध्यमाला वीस आणि सामान्याला दहा. ब्राह्मणांच्या विनंतीवरून शेवटी त्यांच्यासाठी दर हलका करण्यात आला.

या प्रसंगातून दोन गोष्टी एकदम हाती येतात. फिरोजशाहाचे धोरण पूर्वीपेक्षा कडक होते, यात शंका नाही. पण त्याच्या आधी दीडशे वर्षे दिल्लीच्या गादीवर मुसलमान सुलतान असूनही ब्राह्मणांना सूट होती, हेही त्याच वाक्यातून कळते. पहिल्या पालकांना मी पहिली गोष्ट दाखवीन आणि दुसऱ्यांना दुसरी. पण मुलांना दोन्ही दाखवाव्या लागतात, कारण अफीफने त्या एकत्रच लिहिल्या आहेत.

पुढे अकबराने १५६३ मध्ये यात्रेकरूंवरील कर आणि १५६४ मध्ये जिझिया उठवला. त्याच्यानंतर जहांगीर व शाहजहान यांनी तो पुन्हा लावला नाही. शाहजहान काही अकबराइतका उदार नव्हता. नव्याने बांधलेली मंदिरे पाडण्याचे हुकूम त्याच्या काळातही निघाले. तरी जिझियाला त्याने हात घातला नाही. औरंगजेब १६५८ मध्ये गादीवर आला आणि त्यानंतर वीस वर्षे त्यानेही घातला नाही. मग एप्रिल १६७९ मध्ये त्याने तो पुन्हा सुरू केला.

दुसरा प्रसंग त्या वेळचा, आणि तोही दिल्लीचाच. तो खाफीखानाने नोंदवला आहे. करार्थी हुकूम ऐकून शहरातले हिंदू किल्ल्याखाली नदीकाठी जमले आणि बादशाहाच्या झरोक्यापुढे गाऱ्हाणे मांडू लागले. तेव्हा यमुना किल्ल्याच्या तटाला लागून वाहत असे. बादशाहाने दाद दिली नाही. पुढे शुक्रवारी तो जामा मशिदीला नमाजासाठी निघाला, तेव्हा किल्ल्यापासून मशिदीपर्यंतचा रस्ता माणसांनी भरून गेला. सराफ, कापडविके, दुकानदार, कारागीर, मजूर असे सगळे कामधंदा टाकून आले होते. वाट मोकळी होईना, तेव्हा हत्ती पुढे घालण्याचा हुकूम झाला. अनेकजण हत्तीघोड्यांच्या पायांखाली आले. त्यानंतरही काही दिवस लोक जमत राहिले आणि अखेर कर द्यायला कबूल झाले.

हे लोक कोण होते, याकडे आपले लक्ष गेले असेल. त्यात सरदार नव्हते, हात वापरून पोट भरणारे लोक होते. त्याचे कारण कराच्या दरांत सापडते. आमच्या नववीच्या वर्गात मी हे दर फळ्यावर लिहिते आणि मुलांना गणित करायला सांगते. ज्याची मालमत्ता दोनशे दिरहमपर्यंत, त्याला वर्षाला १२ दिरहम. दोनशे ते दहा हजारांपर्यंत मालमत्ता असलेल्याला २४. त्याहून अधिक असलेल्याला ४८. आता दोनशे दिरहमवाल्याला शेकडा सहा पडतात. दहा हजारवाल्याला शेकडा पाव. एक लाखवाल्याला तर शेकडा अर्ध्याच्या एकदशांशाहूनही कमी. बारा दिरहम म्हणजे त्या वेळचे सव्वातीन रुपयांच्या आसपास, शहरातल्या साध्या मजुराची जवळजवळ महिनाभराची मजुरी. गेल्या वर्षी हे गणित करून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्यालाच जास्त!" जामा मशिदीसमोर कापडविके आणि मजूर का उभे होते, हे तिला मी सांगण्याआधीच कळले होते.

यादीतल्या माफीकडे पाहिले की दुसरा भाग उलगडतो. बादशाही चाकरीत असलेल्या हिंदूंना जिझिया माफ होता. आणि त्याच वर्षांत वरच्या दर्जाच्या मनसबदारांमध्ये हिंदूंचे प्रमाण वाढत होते. एक हजार व त्यावरील मनसब असलेल्यांत अकबराच्या अखेरच्या काळात हिंदू एकपंचमांशाहून थोडे अधिक होते. औरंगजेबाच्या उत्तरकाळात ते जवळजवळ एकतृतीयांश झाले. ही वाढ मुख्यतः दक्षिणेतली, आणि तिच्यात मराठे सरदार पुष्कळ होते. म्हणजे हिंदू मनसबदाराला मान आणि माफी, हिंदू मजुराला कर आणि वसुली. धर्म हा या करामागचा आधार होता, हे निर्विवाद; बादशाहाच्या दरबारी इतिहासातच धर्माचा प्रसार हा हेतू म्हणून नोंदला आहे. पण भार मात्र धर्मापेक्षा ऐपतीप्रमाणे, आणि तोही उलट्या ऐपतीप्रमाणे पडला.

मग वीस वर्षे थांबून १६७९ मध्येच का? इथे इतिहासकारांत मतभेद आहेत. कोणी बादशाहाची वाढती धर्मनिष्ठा सांगतात. कोणी रिकामा होत चाललेला खजिना सांगतात. सतीश चंद्र यांनी राजकीय पेचाकडे लक्ष वेधले आहे : दक्षिणेत मराठ्यांचे राज्य उभे राहिले होते, मारवाडचा प्रश्न पेटला होता आणि बादशाहाला उलेमांना आपल्या पाठीशी ठेवायचे होते. जिझियाची वसुली त्याच वर्गातील माणसांच्या हाती दिली गेली, हे या मताला बळ देते. केवळ पैसा हवा असता तर श्रीमंतांना इतके हलके सोडले नसते. केवळ धर्मांतर हवे असते तर वीस वर्षे वाट पाहिली नसती. म्हणून एका कारणावर बोट ठेवणारे उत्तर मी वर्गात स्वीकारत नाही.

मंदिरांच्या बाबतीतही हीच अडचण येते. १६५९ च्या फेब्रुवारीत, वारसाहक्काचे युद्ध चालू असताना, औरंगजेबाने बनारसच्या अंमलदाराला फर्मान पाठवले : जुनी मंदिरे पाडू नयेत, नवी बांधू देऊ नयेत, आणि तिथल्या ब्राह्मणांना कोणी त्रास देऊ नये. दहा वर्षांनी, १६६९ मध्ये, त्याच बनारसमधले विश्वनाथाचे मंदिर त्याच्याच हुकुमाने पाडले गेले. ते काही नवे मंदिर नव्हते, म्हणजे त्याने स्वतःच सांगितलेला नियम मोडला. दरबारी इतिहास त्याचे कारण देतो की, तिथे ब्राह्मण आपली विद्या मुसलमानांनाही शिकवत. काही इतिहासकार स्थानिक जमीनदारांच्या बंडाशी त्याचा संबंध जोडतात. त्याच शहरातील जंगमबाडी मठाकडे मोगल बादशाहांची, औरंगजेबाचीसुद्धा, फर्माने जपून ठेवलेली आहेत. पहिले फर्मान दाखवून विश्वनाथ झाकता येत नाही, आणि विश्वनाथ दाखवून मठाच्या पेटीतले कागद जाळता येत नाहीत.

आपण मराठी माणसे, म्हणून शेवटी एका पत्राचा उल्लेख करते. जिझिया पुन्हा लागू झाल्यावर औरंगजेबाला लिहिलेले एक फारसी पत्र उपलब्ध आहे. जदुनाथ सरकारांनी ते शिवाजी महाराजांचे मानले. त्याचा मसुदा निळो प्रभू मुनशी यांनी केला, असे मानतात. मूळ पत्र मिळालेले नाही, नकला आहेत, आणि काही नकलांत ते दुसऱ्याच्या नावावर आहे. हे मुलांना सांगितलेच पाहिजे. पण युक्तिवाद पाहा. पत्रकार बादशाहाच्या धर्मावर टीका करत नाही. तो त्याच्याच पूर्वजांची, अकबर, जहांगीर आणि शाहजहान यांची आठवण देतो. कुराणाचाच आधार घेऊन सांगतो की ईश्वर सगळ्या जगाचा आहे, एकट्या मुसलमानांचा नाही. आणि विचारतो की गरिबांकडून हा कर घेण्यात कोणता पराक्रम आहे. आधी राणा राजसिंहाकडून घेऊन दाखवा, असे आव्हान देतो. कर कोणाच्या अंगावर पडतो, हे त्या लेखकाने अचूक ओळखले होते.

१७०४ च्या सुमारास दुष्काळ आणि मराठ्यांशी चाललेले युद्ध यांमुळे दक्षिणेत औरंगजेबालाच जिझिया थांबवावा लागला. त्याच्या वारसांनी तो १७१२-१३ मध्ये उठवला, १७१७ मध्ये परत आणला, आणि १७२० मध्ये मुहम्मदशाहाने कायमचा बंद केला.

तर त्या दोन पालकांना माझे उत्तर असे. आम्ही मुलांना राग शिकवत नाही आणि विस्मरणही शिकवत नाही. नदीकाठी जमलेल्या लोकांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत, पण त्यांचे धंदे ठेवले आहेत, आणि त्यांना किती पैसे भरावे लागले याचा हिशेबही ठेवला आहे. तो हिशेब आमची मुले स्वतःच्या वहीत मांडतात. दोन्ही पालकांना मी आग्रहाने बोलावते : नववीच्या त्या तासाला एकदा मागच्या बाकावर येऊन बसा.