धूलिमापक संवेदक आणि दमट हवा : कुंभकोणमचे उदाहरण

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले, भातशेतीने वेढलेले नगर आहे. ईशान्य मोसमी पावसाच्या काळात, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तेथील पहाटेची सापेक्ष आर्द्रता सहज ९० टक्क्यांवर जाते. अशा वेळी स्वस्त धूलिमापकाने दाखविलेला आकडा धुळीचा की पाण्याचा, हा आजचा प्रश्न आहे.

या मापकात एक छोटा पंखा हवा आत खेचतो. हवेतील कण लेसर किरणाच्या मार्गात आले की प्रकाश विखुरतो आणि बाजूला बसविलेला प्रकाशडायोड तो टिपतो. या विद्युतसंकेतांवरून कणांचे आकारमान व संख्या यांचा अंदाज बांधला जातो आणि कणांची घनता गृहीत धरून वस्तुमान काढले जाते. म्हणजेच उपकरण कण तोलत नाही. ते केवळ प्रकाश मोजते.

नेमकी येथेच आर्द्रता आड येते. सल्फेट, नायट्रेट आणि सागरी मीठ यांचे कण बाष्प शोषून फुगतात. फुगलेला कण अधिक प्रकाश विखुरतो आणि उपकरण त्याला धुळीचाच मोठा कण समजते.

एक उदाहरण घेऊ. समजा, हवेत पीएम २.५ चे कोरडे प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. कणांची बाष्पग्राहकता ०.३ आणि घनता पाण्याच्या १.६५ पट धरली, तर ५० टक्के आर्द्रतेला कणांसह पाण्याचे वस्तुमान सुमारे ३५ होते, ९० टक्क्यांना ७९ आणि ९५ टक्क्यांना सुमारे १३४. धूळ तेवढीच असूनही, मापकाने हे पाणी मोजले तर आकडा २००९ च्या राष्ट्रीय मानकातील २४ तासांची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडताना दिसतो. प्रमाणित पद्धतीत मात्र गाळणपत्र ठरावीक आर्द्रतेत ठेवून मगच तोलतात. बीटा किरणांच्या यंत्रात आत येणारी हवा तापवून कोरडी करतात.

हा दोष ओळखावा कसा? आकडा आर्द्रतेबरोबर चढत असेल आणि ऊन वाढताच उतरत असेल, तर पाण्याचा संशय घ्यावा. परंतु पहाटे हवा स्थिर असल्याने चुलीचा धूरही साचतो; म्हणून शेजारी प्रमाणित यंत्र ठेवून तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. भिंगावर धूळ बसल्याने येणारा दोष निराळा. तो हवा कोरडी झाली तरी जात नाही.

वरील उदाहरणात ९० टक्क्यांचा आकडा २.६४ ने भागला की मूळ ३० मिळतात. मात्र हा भाजक सर्वत्र चालत नाही, कारण ताजी काजळी फारसे पाणी शोषत नाही, तर मीठ पुष्कळ शोषते. शिवाय ९५ टक्क्यांपुढे आर्द्रता मोजण्यातील किंचित चूकही उत्तर फार बदलते आणि धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात. अशा वेळची नोंद दुरुस्त करण्यापेक्षा वगळणेच योग्य ठरते.