सुजेमागचे वजन

काटा खोटे बोलत नाही, असे आपण मानतो. परंतु तीव्र कुपोषित बालकाच्या बाबतीत तो अर्धेच सत्य सांगतो. १९३३ साली सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे पाहिलेली बालके उपाशी असूनही गुबगुबीत दिसत. तो गुबगुबीतपणा मांसाचा नसून पाण्याचा होता.

श्रोतेहो, एक कल्पित उदाहरण घेऊ. बावीस महिन्यांची एक मुलगी पोषण पुनर्वसन केंद्रात आणली गेली आहे. वय दोन वर्षांच्या आत असल्याने तिला निजवून मोजतात. लांबी ७५ सेंटिमीटर भरते. वजन ७.८ किलो. या लांबीच्या मुलीचे वजन सुमारे सात किलोच्या खाली गेले, तर तक्त्यानुसार ती तीव्र कुपोषित ठरते. म्हणजे केवळ तक्ता पाहणारा तिला परत पाठवील.

म्हणून तक्त्याआधी पाय पाहावेत. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्याने तीन सेकंद दाबावे. अंगठा उचलल्यावर खळगा राहिला, तर ती सूज होय. एकाच पावलावर सूज असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. सूज पावलांपुरती असली तर एक अधिक. पोटऱ्या, हात यांवर पोचली तर दोन. चेहऱ्यासह सर्वांगावर पसरली तर तीन अधिक. कुपोषणाची अशी सूज आढळली, की वजन काहीही असो, कुपोषण तीव्रच. या मुलीच्या पापण्याही सुजल्या आहेत. तिला दाखल करावेच लागेल.

आता आहार. आरंभीचे दूध, म्हणजे एफ-७५, एरवी दर किलोस दिवसाला १३० मिलिलिटर देतात. तीन अधिक सूज असता मात्र १०० च. ७.८ किलोंना दिवसाचे ७८० मिलिलिटर; दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, ६५ मिलिलिटर. नेहमीच्या हिशेबाने हजारावर गेले असते. काट्यावरचे वजन काही अंशी पाण्याचेच, आणि दुबळ्या हृदयाला हा जादा भार पेलत नाही. नाडी व श्वास दोन्ही वेगाने वाढू लागले, तर तो भार वाढल्याची खूण समजून डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणारे औषध देऊ नये. ती आहारानेच उतरते.

काही दिवसांत काटा ६.६ दाखवतो. आई घाबरते, मूल खंगते आहे, असे तिला वाटते. तिची समजूत आधीच घालून ठेवलेली बरी, नाही तर ती मुलीला घेऊन घरी निघून जाते. सूज ओसरत असेल, भूक परतत असेल, तर ही घट शुभच. तेव्हाच एफ-१०० हे अधिक सकस दूध तेवढ्याच मापाने दोन दिवस द्यावे, आणि मग दर पाजणीस दहा-दहा मिलिलिटर वाढवत, मूल थोडे उरवू लागेपर्यंत जावे.