पारड्यात धान्य हवे

विभागीय चौकशीचा विषय निघाला की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कचेऱ्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘इथं फौजदारी कोर्टासारखा पुरावा लागत नाही.’ वाक्य खरे आहे, पण ते अर्धेच आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर विभागीय चौकशीत आरोप खरा असण्याची शक्यता खोटा असण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त दिसली की पुरते. मोंढ्यातला तराजू डोळ्यांपुढे आणा. फौजदारी कोर्टाला पारडे थेट जमिनीला टेकलेले लागते, चौकशी अधिकाऱ्याला ते थोडे खाली झुकलेले चालते. पण झुकायला पारड्यात धान्य तर हवे! रिकामे पारडे अंगठ्याने दाबले, तर त्याला वजन म्हणत नाहीत. आज मला एवढेच सांगायचे आहे आणि ते मी पुन्हा सांगणार आहे.

समजा, एका तलाठ्यावर आरोप आहे की अतिवृष्टी अनुदानाच्या यादीत त्याने जमीन नसलेल्यांची नावे घातली. महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम, 1979 यांतील नियम 8 प्रमाणे दोषारोपपत्र निघते. जोडपत्र एकमध्ये आरोप, दोनमध्ये त्यांचा तपशील, तीनमध्ये कागदपत्रांची यादी आणि चारमध्ये साक्षीदारांची. जोडपत्र तीन भरगच्च असते: यादी, पंचनामे, सातबारे, प्राथमिक चौकशीचा अहवाल. चारमध्ये मात्र एकच नाव, मंडळ अधिकाऱ्याचे. सादरकर्ता अधिकारी कागदांचा गठ्ठा पुढे ठेवतो, मंडळ अधिकारी अहवालावरची सही आपली असल्याचे सांगतो आणि चौकशी संपते. तलाठी म्हणतो, ही यादी मी केलीच नाही. मग ती कोणी केली, तहसीलमध्ये कोणी आणून दिली, नावे सातबाऱ्याशी कोणी ताडून पाहिली, हे सांगायला कोणीच आलेले नसते. यादी टपालात घेणारा कारकून आणि ताडून पाहणारा कर्मचारी, एवढे दोघे आले असते, त्यांचा उलटतपास झाला असता, तर पारडे झुकले असते. कागद आपण होऊन बोलत नाही, तो माणसाने सिद्ध करावा लागतो. रूपसिंग नेगी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हेच सांगितले. बँकेतल्या त्या शिपायाविरुद्ध पोलिसांपुढचा कबुलीजबाब आणि तपासातले कागद होते. पण ते सिद्ध करायला साक्षीदार आणला नव्हता, म्हणून बडतर्फी टिकली नाही.

यावर कोणी म्हणेल, इतके काटेकोर झालो तर भ्रष्ट माणसे सुटतील. तसे होत नाही. हरियाणा रोडवेजच्या रतनसिंग या वाहकाचे प्रकरण पाहा. भरारी पथकाला बसचे अकरा प्रवासी विनातिकीट आढळले आणि पैसे दिल्याचे त्यांनी सांगितले. चौकशीत त्या प्रवाशांपैकी कोणाचीही साक्ष झाली नाही. साक्ष दिली ती पथकाच्या निरीक्षकाने. पुरावा कायद्याचे कडक नियम इथे लागत नाहीत, ऐकीव माहितीसुद्धा विश्वासार्ह असेल आणि प्रकरणाशी तिचा संबंध असेल तर चालते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये कारवाई कायम ठेवली. म्हणजे मूठभर धान्यही पुरले, पण ते पारड्यात होते. याउलट गोयल प्रकरणात दुमडलेली शंभराची नोट लाच म्हणून देऊ केल्याचा आरोप होता. चौकशी अधिकाऱ्याला तो सिद्ध झालेला दिसला नाही, तरी सरकारने गोयल यांना बडतर्फ केले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने 1963 मध्ये सुनावले.

कर्मचाऱ्यांचाही एक आक्षेप असतो: कोर्टाने निर्दोष सोडले, मग चौकशी कशाला? उत्तर त्याच तराजूत आहे. तिथे पारडे जमिनीला टेकले नाही, म्हणून इथे ते झुकणारच नाही असे होत नाही. म्हणून कोर्टाच्या निकालावर विसंबून चौकशीला गैरहजर राहू नका. बचाव सहायक घ्या, उलटतपास घ्या, आणि अहवालाची प्रत हाती आल्यावर म्हणणे लेखी द्या. ती प्रत शिक्षेपूर्वी मिळणे हा तुमचा हक्क आहे. करुणाकर प्रकरणात 1993 मध्ये तो घटनापीठाने पक्का केला. शेवटी दोषारोपपत्र काढणाऱ्यांना पुन्हा तेच सांगतो: ते पाठवण्याआधी जोडपत्र तीनमधल्या प्रत्येक कागदासमोर जोडपत्र चारमधले एक नाव लिहून पाहा. ज्या कागदासमोर नाव लिहिता येत नाही, त्याच्या जोरावर कोणाची नोकरी घेऊ नका, आणि खरा दोषीही सुटू देऊ नका, साक्षीदार शोधा.