दांडी ओढू नका

मैत्रिणींनो, मासिक पाळीचा कप कसा उकळायचा, किती तास ठेवायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात मिनिटं घालवत नाही. माझं सांगणं कप काढण्याबद्दल आहे. दांडी धरून ओढू नका. आधी हवा आत जाऊ द्या.

हवाबंद डब्याचं झाकण वर धरून कितीही खेचलं तरी निघत नाही. एका बाजूने कड उचलली, हवा शिरली, की सुटतं. कपाचंही तेच. उकिडवं बसा, शौचाला देतो तसा हलका जोर द्या, कप खाली येईल. मग दांडीच्या वर, कपाच्या बुडाला अंगठा-बोटाचा चिमटा घ्या. नाही सुटला, तर बोट बाजूने वर सरकवून कड आत दाबा, आणि डावी-उजवीकडे हलवत काढा. घाबरलात की स्नायू आवळतात आणि कप वर चढतो. अशा वेळी दहा मिनिटं थांबा. तो पोटात हरवत नाही.

आता गळती. झाकण सगळीकडून बसलं नाही तर डब्यात हवा जाते, तसंच इथे रक्त बाहेर येतं. कप आत गेला की बुडाभोवती बोट फिरवा. दुमड लागली म्हणजे घडी उलगडलेली नाही. कप बुडाशी धरून थोडा फिरवा. कडेखालची छिद्रंही मोकळी हवीत.

समजा, काल्हेरच्या गोदामात दिवसभर उभी राहणारी, दोन बाळंतपणं झालेली एक बाई आहे. मापाच्या तक्त्यात बाळंतपण झालेल्यांसाठी मोठा कप लिहिलाय, म्हणून तिने मोठा घेतला. दांडी टोचते, लघवी अडखळते, वर डागही पडतात. तक्ता नुसता अंदाज असतो, बायांनो! पाळी चालू असताना धुतलेलं बोट आत घालून पाहा. एका पेरातच गर्भाशयाचं तोंड लागलं, तर ते खाली आहे. तिथे लांब कप मावत नाही. शिवाय ते तोंड कपात उतरून जागा अडवतं, म्हणून तो लवकर भरतो. तिचंही तसंच असेल, तर तिला आखूड, रुंद कप हवा. लघवी अडखळते ती बहुधा कडकपणामुळे, तेव्हा जरा मऊ घ्यावा. फार मऊ मात्र आत उघडत नाही. दांडी टोचत असेल, तर कप बाहेर काढून ती कापावी, बुडाला चीर पडू न देता. पहिल्या दोन-तीन पाळ्या जोडीला कापड किंवा पॅड ठेवावं.

घडीच्या प्रकारांवर बोलायचं होतं, पण वेळ होत आलाय. तांबी बसवलेल्या बायांना मात्र पुन्हा सांगते, हवा न सोडता कप ओढलात तर तांबीही सरकू शकते किंवा निघून येऊ शकते. कप वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि कप आत असताना एकदम जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ किंवा चक्कर आली, तर कप काढा आणि त्याच क्षणी दवाखाना गाठा.