घरी जाणारी चिठ्ठी

जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूरहून आलेल्या समुपदेशक बंधू-भगिनींनो,

या व्यासपीठावरून बोलताना क्षेत्राचा आढावा घ्यायची पद्धत आहे. ती आज मोडतो. आपल्या कामातला एकच कागद तुमच्यापुढे ठेवतो: वर्गात एकाने दुसऱ्याला छळल्याची तक्रार आली की ज्याच्याविरुद्ध ती आली त्याच्या घरी आपण पाठवतो, ती चिठ्ठी. शेजारच्या अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहीत. मुलांना काय लिहावे याचा वारसा आपल्याकडे आहे. मुलांविषयी त्यांच्या घरी काय लिहावे, याकडे मात्र आपण फारसे पाहिलेले नाही.

चर्चेसाठी मी एक चिठ्ठी तयार करून आणली आहे. ती कोणा एका शाळेची नाही, पण तुम्हाला ओळखीची वाटेल. प्रसंग सातवीच्या वर्गातला. ‘आपला मुलगा वर्गातील मुलांना सतत त्रास देतो, त्यांचे डबे हिसकावतो व बोलण्यावरून चिडवतो. याबाबत अनेक तक्रारी आल्या आहेत. आपण त्यास योग्य ती समज द्यावी, अन्यथा शाळेस कारवाई करावी लागेल.’

ही चिठ्ठी घरी गेल्यावर काय होते? वडील केळीच्या बागेतून किंवा जिनिंगवरून संध्याकाळी येतात आणि बहुधा पहिले वाक्यच वाचतात. त्यातल्या ‘सतत’ने मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो. मग दोनपैकी एक घडते. एक तर ‘आमचा असा नाहीच, शाळेला आमचाच दिसतो’ म्हणत वडील भांडायला येतात, नाहीतर ‘समज द्यावी’ याचा घरगुती अर्थ लावून पट्टा काढतात. शाळेत मुलाला मारायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ची बंदी आहे. आपण चिठ्ठी पाठवून तेच काम घरी करवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा त्याचा वचपा डबेवाल्या मुलावर काढतो.

यावर आपण सहसा जी दुरुस्ती करतो ती मला मूळ चिठ्ठीइतकीच वाईट वाटते. आपण लिहितो, ‘आपला मुलगा हुशार आहे, पण…’ त्या ‘पण’ची वाट प्रत्येक पालक पहिल्या शब्दापासून पाहत असतो. किंवा लिहितो, ‘दोन मुलांमध्ये किरकोळ गैरसमज झाला.’ हे वाचून कोणाला राग येत नाही, पण ते खोटे आहे. डबा एकाचाच गेला. छळलेल्या मुलाच्या आईच्या हाती तोच कागद पडला तर तिला काय वाटेल? तिसरी तऱ्हा पंचनाम्याची: ‘डबा घेतला गेला, अपशब्द वापरले गेले.’ कर्ता लपवला की पालकाला वाटते, काहीतरी दडवताहेत.

इंग्लंडमध्ये बार्बरा मेन्स आणि जॉर्ज रॉबिन्सन यांनी छळाचे प्रसंग कोणालाही दोष न देता मिटवण्याची एक पद्धत मांडली. तिच्या नावातच ‘दोष नाही’ हे शब्द होते. छळणारा मोकळा सुटतो अशी टीका झाली आणि पुढे तिचे नाव बदलले गेले. दोष न देणे आणि घडलेले न सांगणे यांत लोकांना फरक दिसला नाही तर असे होते.

तो फरक चिठ्ठीत दिसायला हवा. माझ्या मते त्याचा मार्ग एकच: प्रत्येक वाक्याला विचारायचे, हे आम्ही पाहिले, कोणी सांगितले, की आम्ही ठरवले? पाहिलेले पाहिले म्हणून लिहायचे, सांगितलेले सांगणाऱ्याच्या तोंडी ठेवायचे आणि ठरवलेले खोडून टाकायचे. ‘सतत’ कोणी पाहिलेले नसते. कोणीतरी सोमवार पाहिलेला असतो, कोणीतरी मंगळवार. ‘अनेक तक्रारी’ मोजल्या तर बऱ्याचदा दोनच निघतात.

आता तीच चिठ्ठी पुन्हा लिहू. ‘या आठवड्यातल्या दोन घटनांबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. मंगळवारी मधल्या सुट्टीत आपल्या मुलाने एका वर्गमित्राचा डबा घेऊन खिडकीबाहेर धरला, हे वर्गशिक्षकांनी पाहिले. सोमवारी त्याच वर्गमित्राला तीन-चार मुलांनी त्याच्या बोलण्यावरून चिडवले व त्यांत आपला मुलगा होता, असे त्या वर्गमित्राने सांगितले. आपल्या मुलाचे म्हणणे असे: डबा गमतीत घेतला व लगेच परत दिला, सोमवारी मी हसलो, बोललो काही नाही. बुधवारपासून तो वर्गमित्र मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर आलेला नाही. इतर मुलांशी आम्ही अजून बोलत आहोत. शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर आपण भेटावे. तोपर्यंत यावरून मुलाला शिक्षा करू नये.’

ही चिठ्ठी पहिलीपेक्षा लांब आहे, हे मान्य. पण तिच्यात मुलाचे स्वतःचे म्हणणे आले, तेही त्याच्याच शब्दांत. बापाला आपले पोर कागदावर बोलताना दिसले की तो शाळेच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहत नाही. दुसऱ्या मुलाची इजाही आली, विशेषणाशिवाय: तो बाहेर येत नाही. ‘भेदरला आहे’ हे आपले अनुमान झाले असते. ‘कारवाई’ गेली, तिच्या जागी दिवस आणि वेळ आली. ‘छळ’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस यांनी छळाची जी व्याख्या रूढ केली तिच्यात हेतू, पुनरावृत्ती आणि दोघांच्या बळातला फरक असे तीन भाग आहेत. दोन दिवसांच्या नोंदीवर त्यातले काय सिद्ध होते? शनिवारच्या भेटीनंतर, बाकीच्या मुलांशी बोलल्यावर, तो शब्द वापरायची वेळ येईलही. तेव्हा तो वापरायला कचरू नये.

वर्गमित्राचे नाव चिठ्ठीत नाही. दोघे एकाच गावचे, एकाच एसटीने येणारे असतात, नाव संध्याकाळपर्यंत कळतेच, असे तुम्ही म्हणाल. कळू दे, ते शाळेच्या कागदावर जाऊ नये. भाऊबंदकीत असा कागद वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो.

आणि तो कागद मुलाच्याच दप्तरातून पाठवू नका. आधी फोन करा, आणि फोनवर घरची भाषा बोला. पूर्वेला रावेर-यावलकडे लेवा गणबोली, पश्चिमेला धुळ्याकडे अहिराणी. ‘आपला पाल्य’ म्हटले की आई सावध होते, ‘तुमना पोऱ्या’ म्हटले की ऐकते. आपल्या प्रसंगातल्यासारख्या मुलाला चिडवले जाते ते बहुतेक वेळा याच बोलीवरून, हेही ध्यानात ठेवा.

चिठ्ठी जमली की नाही हे कसे कळावे? ज्यांना प्रकरण ठाऊक नाही अशा शिपाईमामांना किंवा मावशींना ती वाचून दाखवा आणि विचारा, घरच्यांनी आता काय करायचे? ‘पोराला ठोकायचे’ असे उत्तर आले तर पुन्हा लिहा. ‘काही विशेष नाही’ असे आले, तरीही पुन्हा लिहा.

एक हद्द मात्र स्पष्ट आखून घ्या. शाळेच्या नोंदवहीत हे सौम्य लेखन चालणार नाही. जातीवरून शिवी दिली असेल तर तिथे शिवी जशीच्या तशी उतरली पाहिजे, ‘अपशब्द’ नव्हे. आणि प्रकार लैंगिक असेल तर चिठ्ठीची जुळवाजुळव करत बसू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कळवले नाही तर कलम 21 प्रमाणे तो गुन्हा होतो.

दुपारच्या गटचर्चेसाठी दुसरी चिठ्ठी राखून ठेवली आहे, ज्याचा डबा गेला त्याच्या घरची. तिथे अडचण उलटी येते. आपण अजून चौकशी करतो आहोत, हे त्या आईला टाळाटाळ न वाटता कसे सांगायचे? माझा मसुदा अपुरा आहे. प्रती दाराशी ठेवल्या आहेत, पेन घेऊन बसा.