दोन डबे, दोन हिशेब
(रौप्यमहोत्सवी सभेत खजिनदारांनी केलेले निवेदन)



हे खरं तर प्रत्येक फ्लॅटला पाठवायचं पत्र होतं. अध्यक्ष म्हणाले, पत्र कोणी वाचत नाही, तुम्ही उभं राहून सांगा. म्हणून सांगतो.

गेल्या महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग यांचं मिळून १२ लाखांचं कोटेशन आलं. दुरुस्ती निधीत ५ लाख आहेत. त्यावर बऱ्याच जणांनी मला जिन्यात, पार्किंगमध्ये गाठून एकच प्रश्न विचारला : "सिंकिंग फंडात १५ लाख पडून आहेत ना? मग आमच्याकडे वर्गणी कशाला मागता?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी आकड्यांनी देतो.

मेंटेनन्सच्या बिलात या दोन ओळी वेगवेगळ्या येतात. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का घ्यायचा असतो. सिंकिंग फंड काढताना जमिनीची किंमत धरत नाहीत. आपले चाळीसही फ्लॅट एकाच मापाचे आहेत आणि त्या वेळचा बांधकाम खर्च फ्लॅटमागे ४ लाख होता. म्हणून दुरुस्तीचे महिना २५० रुपये आणि सिंकिंग फंडाचे साधारण ८३ रुपये होतात. सोसायटीत वर्षाला दुरुस्तीचे १ लाख २० हजार जमतात आणि सिंकिंग फंडाचे ४० हजार.

आता फरक कशात आहे? पंप जळला, ड्रेनेज तुंबलं, गच्ची गळायला लागली, रंग उडाला, तर ही झीज आज राहणाऱ्यांच्या काळातली आहे. ती आजच्यांनी भरायची. म्हणून दुरुस्ती निधी येतो आणि जातो. इमारतीचा सांगाडा मात्र असा झिजत नाही. कॉलम, बीम, स्लॅब वर्षानुवर्षं थोडे थोडे म्हातारे होतात आणि एक दिवस सगळ्याचं बिल एकदम येतं. ते बिल त्या दिवशी जे राहत असतील त्यांच्याच डोक्यावर पडू नये, म्हणून दर वर्षी राहणाऱ्याने आपल्या वर्षाचा वाटा बाजूला टाकून ठेवायचा. तो सिंकिंग फंड. म्हणूनच फ्लॅट विकून जाणाऱ्याला तो परत मिळत नाही. तो माणूस जितकी वर्षं राहिला, तितक्या वर्षांचं इमारतीचं वय त्याने वापरलेलं असतं.

हा पैसा वापरायला उपविधींनी मर्यादा घातली आहे. इमारत पुन्हा बांधणं, तिला बळकटी देणारी बांधकामाची कामं किंवा आर्किटेक्टने दाखला दिलेली मोठी दुरुस्ती, एवढ्यासाठीच आणि तेही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. बाहेरचा रंग यात बसत नाही.

"कायदा राहू द्या हो, एकदा वापरला तर काय बिघडतं?" असंही एका काकांनी विचारलं. काका, एकदा वापरून झालाय. तेच आज सांगायचं आहे.

सोसायटीच्या नवव्या वर्षी लिफ्टची मोटर आणि रोप एकदम बदलावे लागले. दुरुस्ती निधीत पैसे नव्हते. वरच्या मजल्यांवर वयस्कर माणसं होती, थांबणं शक्य नव्हतं. तेव्हाच्या कमिटीने सिंकिंग फंडाची एफडी मोडून साडेतीन लाख घेतले आणि "पुढच्या वर्षी परत टाकू" असं ठरलं. त्या कमिटीत मीही होतो, आणि हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता. पुढच्या वर्षी पाण्याच्या टाकीचं काम निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी कंपाउंड. पैसे परत गेले नाहीत.

आज त्याचं काय झालं ते बघा. ताळेबंद उघडा. डाव्या बाजूला सिंकिंग फंड साडेअठरा लाख दिसतो. उजव्या बाजूला गुंतवणुकीत त्याच नावाच्या एफडी शोधा, त्या १५ लाखांच्या आहेत. साडेतीन लाखांचा फरक म्हणजे ती लिफ्ट. पण खरं नुकसान ताळेबंदात कुठेच दिसत नाही. ते साडेतीन लाख एफडीत राहिले असते, सोपं जावं म्हणून सरासरी ७ टक्के व्याज धरलं आणि तेही दर वर्षी एफडीतच ठेवलं असतं, तर १६ वर्षांत त्यांचे सुमारे १० लाख ३० हजार झाले असते. म्हणजे आज आपल्याकडे १५ नव्हे, सव्वापंचवीस लाख असते. पावणेसात लाखांच्या वर गेले ते न मिळालेल्या व्याजाचे. चोरी कोणी केली नाही, पैसा लिफ्टलाच लागला. पण हिशेब चुकला तो चुकलाच.

यातून एक शिकायचं. दोन निधी वहीत वेगळे लिहिले की वेगळे होत नाहीत, त्यांच्या एफडीही वेगळ्या लागतात. आणि सिंकिंग फंडाचं व्याज त्याच फंडात जमा व्हायला हवं. दर वार्षिक सभेत कोणीही सभासदाने मला फक्त डावा आकडा आणि उजवा आकडा विचारावा. जुळले तर ठीक, नाही जुळले तर खजिनदाराला खाली बसू देऊ नका.

आता गच्चीचं काय? कमी पडतात ७ लाख. फ्लॅटमागे साडेसतरा हजार. १४ महिन्यांत दिले तर महिना साडेबाराशे. हे जड आहे, मला माहीत आहे. निवृत्त मंडळींना जास्तच. म्हणून कमिटीचा प्रस्ताव असा आहे : या पावसाळ्याआधी गच्ची करू, रंग पुढच्या वर्षी.

आणि सिंकिंग फंड म्हणजे देव्हाऱ्यातला रुपया नव्हे. मागच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये स्टिल्टमधल्या चार कॉलमना बारीक तडे आहेत, लक्ष ठेवा, असं लिहिलेलं आहे. आपल्या वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी करायचं असतं. पुढचं या वर्षीच आहे. त्यात जॅकेटिंग करा असं निघालं आणि आर्किटेक्टने दाखला दिला, तर एफडी मोडायला पहिला मीच सही करीन. तो पैसा त्यासाठीच आहे.

शेवटचं. ८३ रुपये हे पंचवीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावरचे आहेत. आजच्या भावात त्यात फार काही होत नाही. पाव टक्का ही किमान मर्यादा आहे, सभेला तो वाढवता येतो. महिना २०० करावेत आणि त्यातूनच ते साडेतीन लाख हळूहळू भरून काढू, असं कोणी म्हणेल. तसं करू नका. नवीन वर्गणी ही नवीन वर्षांचा वाटा आहे. जुनी उधारी दुरुस्ती निधीने फेडायची, वर्षाला ५० हजार, सात वर्षांत. दोन्ही ठराव पुढच्या सभेत मांडतो आहे.

नवव्या वर्षी वर केलेला हात मला या वेळी त्या ठरावासाठी वर करायचा आहे. तुमचेही हात वर यावेत, एवढी विनंती.