चेहरा आणि गुणपत्रक



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याची नोंद शाळेच्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, तरी वर्गातील प्रत्येक मुलाला तो पुरता अवगत असतो. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी कोणाला उभे करतील, सरस्वतीपूजनाच्या नाटकात राजकन्येची भूमिका कोणाला मिळेल, हे नावे जाहीर होण्यापूर्वीच मुले अचूक सांगतात. आणि ज्या सावळ्या, किंवा दात पुढे असलेल्या, किंवा अंगाने बेढब मुलीला राक्षसिणीची भूमिका नाही तर पडदा ओढण्याचे काम मिळते, तीही ते कारण न विचारता स्वीकारते. हा पक्षपात नाटकापुरताच राहिला असता तर मी आपला वेळ घेतला नसता. तो गुणांत उतरतो, आणि गुणांहूनही खोल मुलाच्या स्वतःविषयीच्या समजुतीत उतरतो, म्हणून तो कसा उतरतो याचा शोध घेणे आपल्याला भाग आहे.

अमेरिकेतील क्लिफर्ड आणि वॉल्स्टर या दोन संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिसुरी राज्यातील शिक्षकांना पाचवीच्या एका मुलाचे प्रगतिपत्रक पाठविले. सर्वांकडे गेलेला मजकूर अक्षरशः एकच होता. त्याला चिकटविलेले छायाचित्र मात्र काहींकडे देखण्या मुलाचे गेले, काहींकडे सामान्य रूपाच्या. तेवढ्याशा फरकाने देखण्या मुलाची बुद्धी अधिक ठरली, आणि त्याच्या आईबापांना शिक्षणाची आस्था अधिक असावी, असेही शिक्षकांना वाटले. ज्यांनी त्या मुलाला कधी पाहिले नव्हते, त्यांनी त्याच्या घरचीही परीक्षा चेहऱ्यावरूनच केली. यात कोणाच्या मनात दुष्टावा होता असे मी मुळीच मानत नाही. आपण न्यायाने वागत आहोत अशी ज्याची प्रामाणिक समजूत असते, त्याच्याच हातून असा निवाडा सहज होतो.

आता अनुमानापासून गुणांपर्यंतचा मार्ग पाहू, आणि त्यासाठी एक कल्पित पण आपल्या ओळखीचा प्रसंग घेऊ. पेडण्यातील एखाद्या शाळेत नववीच्या दोन मुलींची इतिहासाची तोंडी परीक्षा चालली आहे आणि प्रश्न आहे, पेडणे महाल पोर्तुगीजांच्या अमलाखाली कोणाकडून आणि केव्हा गेला? दोघीही ‘सावंतवाडीच्या भोसल्यांकडून’ इतके सांगून थांबतात. पहिलीकडे पाहून बाई किंचित हसतात, वाट पाहतात, ‘अठराव्या शतकाच्या अखेरीस, आठव पाहू,’ असे म्हणतात आणि मुलगी ‘१७८८’ असे उत्तर देते. दुसरी थांबते त्याच क्षणी बाईंची दृष्टी यादीतील पुढच्या नावाकडे वळते. पहिलीला दहापैकी आठ गुण मिळतात, दुसरीला पाच. या हिशेबात खोटे काय आहे? पहिलीने साल खरोखरच सांगितले, दुसरीने सांगितले नाही. तपासनीस आला तरी त्याला आक्षेप घेता येणार नाही, कारण पक्षपात गुण देताना झालेला नसून उत्तर घडत असतानाच झालेला आहे.

ही वाट पाहण्याची बाब क्षुल्लक नाही. मेरी बड रो या विदुषीने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने एखादाच सेकंद थांबतात. ज्यांना ते वर्गातील हुशार पाच समजतात, त्यांच्यासाठी सुमारे दोन सेकंद, आणि ज्यांना ते शेवटचे पाच समजतात, त्यांच्यासाठी एकाहूनही कमी. रो यांनी रूपाचा विचार केला नव्हता, हे मी स्पष्ट सांगतो. परंतु चेहऱ्याने हुशारीचा अंदाज वाढतो आणि हुशारीच्या अंदाजाने अवधी वाढतो, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे आपल्या दुसऱ्या मुलीचे तीन गुण कोठे गेले ते दिसू लागते. अशा शेकडो प्रश्नांनंतर ती हातच वर करीनाशी होते. मग बाई म्हणतात, ‘ती बोलतच नाही,’ आणि ते आता खरेही असते.

लेखी परीक्षेत हा धोका नाही, असे कोणी म्हणेल. लँडी आणि सिगॉल यांनी १९७४ साली साठ महाविद्यालयीन तरुणांना दूरचित्रवाणीविषयीचा एक निबंध वाचायला दिला. काहींना चांगला लिहिलेला, काहींना वाईट लिहिलेला, आणि लेखिका म्हणून कोठे सुंदर तर कोठे कुरूप तरुणीचे छायाचित्र जोडले. सुंदर लेखिकेला अधिक गुण मिळाले यात नवल नाही. लक्षात घेण्याजोगे हे की निबंध चांगला होता तेव्हा फरक थोडा पडला आणि वाईट होता तेव्हा पुष्कळ. म्हणजे रूपाची शिफारस अव्वल विद्यार्थ्याला फारशी लागत नाही. कच्च्या उत्तराला सांभाळून घ्यावे की नाही, येथे ती चालते. आपल्या वर्गांत अशी कच्ची उत्तरेच अधिक असतात, आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषाही त्यांच्याच जवळून जाते.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात अ‍ॅड्रियन मेहिक यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आणली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत, गणितासारखे विषय सोडून जेथे शिक्षक-विद्यार्थ्यांचा संबंध अधिक येतो अशा विषयांत, देखण्या मुलामुलींना गुण अधिक मिळत होते. महामारीत अध्यापन दूरस्थ झाले आणि चेहरा दृष्टीआड गेला, तेव्हा देखण्या मुलींचे गुण उतरले. मुलांचे मात्र टिकले. मुलींच्या बाबतीत शिक्षकाचा पक्षपात हे कारण मेहिक ठळकपणे मांडतात. मुलांच्या बाबतीत, वर्षानुवर्षे मिळालेल्या कौतुकाने आलेला आत्मविश्वास हीच आता एक खरी क्षमता झाली असावी, असे मला वाटते. ते तसे असेल, तर मुळात अन्यायाने मिळालेले भांडवल पुढे कोणत्याही निःपक्षपाती परीक्षेत पकडता येणार नाही.

म्हणून गोवा बोर्डाच्या दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसनक्रमांक असतो, ही व्यवस्था उत्तम असली तरी ती फार उशिरा येते. आपल्या डिचोली व पेडणे या दोन्ही तालुक्यांतील कितीतरी मराठी प्राथमिक शाळांचा पट इतका लहान आहे की एक-दोन शिक्षकच सर्व वर्ग सांभाळतात. त्यात जिव्हाळा आहे, हे मला मान्य आहे. पण पहिलीत एका मुलाविषयी बनलेले मत चौथीपर्यंत त्याच माणसाच्या मनात राहते आणि ते तपासणारे दुसरे डोळे शाळेत नसतात.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रश्न हजेरीच्या क्रमाने विचारावेत आणि प्रत्येकासाठी मनात तीन अंक मोजूनच पुढे जावे. तोंडी परीक्षेत अडलेल्याला कोणता इशारा द्यायचा, तो आधी कागदावर लिहून प्रत्येकाला तोच द्यावा. वह्या नावाचे पान दुमडून तपासाव्यात, आणि एका वहीतील सर्व प्रश्न संपविण्याऐवजी सर्व वह्यांतील पहिला प्रश्न आधी संपवावा. मुख्याध्यापकांनी अंतर्गत गुण आणि आसनक्रमांकावर मिळालेले गुण शेजारी मांडून, कोणाचा क्रम कोठे वर-खाली झाला ते पाहावे. मात्र जेथे सर्वांनाच सरसकट अठरा-एकोणीस गुण दिले जातात, तेथे ही तुलना काहीच सांगणार नाही. आणि जवळजवळच्या दोन प्राथमिक शाळांनी सत्रातून एकदा तोंडी परीक्षेपुरते शिक्षक बदलून घ्यावेत: डिचोलीच्या एका वाड्यावरची बाई दुसऱ्या वाड्यावरच्या मुलांना प्रश्न विचारील, तिचे गुण आणि नेहमीच्या शिक्षकाचे गुण दोघांनी समोरासमोर बसून पडताळावेत, आणि ज्या मुलाबाबत दोघांत तफावत निघेल, त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा, सावकाश, विचारावे.